चंदन तेच, ऋतू निराळे

होळी झाली की जुन्या अत्तरवाल्याच्या दुकानात पुढच्या तबकातल्या कुप्या बदलतात. हिना, शमामा, ऊद मागच्या फळीवर जातात आणि वाळा, गुलाब, मोगरा, मातीचं अत्तर पुढे येतं. दिवाळीच्या सुमारास हाच क्रम उलटा होतो. या दुकानात दोन प्रकारची गिऱ्हाइकं येतात. एक जण काउंटरपाशी येऊन नुसतं “नेहमीचं” म्हणतो आणि दुकानदार न विचारता पाव तोळा भरायला घेतो. दुसरा तबकावर वाकून “सध्या काय चांगलं आहे?” असं विचारतो. पहिल्याला आयुष्यभर एकच गंध हवा असतो. दुसऱ्याला ऋतूप्रमाणे, प्रसंगाप्रमाणे, मनाच्या कलाप्रमाणे निवडता येतील असे चार-पाच गंध हवे असतात. हे पुस्तक या दोघांसाठी लिहिलं आहे. दोघांचं भांडण मिटवण्याचा मार्ग अत्तराच्या घडणीतच आहे, असं मला वाटतं. प्रस्तावनेत मी तोच सांगणार आहे.

आधी “नेहमीचं” म्हणणाऱ्याची बाजू पाहू, कारण ती वाटते त्यापेक्षा भक्कम आहे. वर्षानुवर्षं एकच गंध लावणाऱ्या माणसाला त्याचं माप पक्कं ठाऊक असतं. लग्नात किती, कचेरीत किती, दवाखान्यात कुणाला भेटायला जाताना अजिबात नाही, हे त्याला विचार न करता कळतं. दुसरी गोष्ट त्याच्या भोवतालच्या माणसांची. मूल आईला दारातून आत येण्याआधी ओळखतं. आजोबांच्या कोटाची घडी उलगडली की घरातले सगळे क्षणभर थबकतात. ही ओळख रुजायला एकच गंध पुन्हा पुन्हा, अनेक वर्षं नाकाशी यावा लागतो. दर महिन्याला नवी बाटली आणणाऱ्याला ती मिळत नाही, आणि तिची किंमत कमी लेखू नये.

पण या निष्ठेला दोन अडचणी आहेत. पहिली नाकाची. सतत येणारा वास नाक काही मिनिटांतच नोंदवेनासं होतं, हे आपण रोज अनुभवतो. स्वतःच्या घराचा वास स्वतःला येत नाही, पाहुण्याला येतो. वास रोज त्याच जागी, त्याच अंगावर असला तर ही बधिरता काही मिनिटांपुरती राहत नाही. काही आठवड्यांत त्या विशिष्ट गंधाबाबत नाकाची धार कमी होते आणि वास बंद केल्यावरही ती लगेच परत येत नाही. बाकीचे वास मात्र पूर्वीसारखेच येतात, म्हणून त्या माणसाला काही बदललंय असा संशयही येत नाही. त्याला एवढंच वाटतं की हल्ली हे अत्तर पूर्वीसारखं राहिलं नाही, दुकानदार भेसळ करतो. मग एका थेंबाचे दोन होतात, दोनाचे चार. लिफ्टमध्ये त्याच्यानंतर शिरणाऱ्यांना भपकारा येतो आणि त्याला स्वतःला काहीच जाणवत नाही.

हे आपल्या बाबतीत घडतंय का, हे ओळखायला कुपी पुरे. नवी कुपी उघडली त्या दिवशी चिकटपट्टीवर तारीख लिहून ती कुपीला लावावी. साधारण तीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो. पाव तोळ्याच्या कुपीत सुमारे तीन मिलिलिटर अत्तर असतं, म्हणजे नव्वद थेंब. रोज दोन थेंब लावणाऱ्याला ती दीड महिना पुरायला हवी. तीच कुपी महिन्याच्या आत रिकामी होऊ लागली तर दोष अत्तराचा असण्यापेक्षा नाकाचा असण्याची शक्यता जास्त. उपाय म्हणजे तो गंध काही आठवडे पूर्ण बंद ठेवणं. ज्याच्याकडे दुसरा गंध नाही त्याला ते जड जातं. ज्याच्याकडे ऋतूनुसार बदल आहे त्याचं नाक दर तीन-चार महिन्यांनी आपोआप ताजं होतं. पुन्हा वाळ्याची पाळी येते तेव्हा तो पहिल्या दिवसासारखा भेटतो.

दुसरी अडचण गंधाच्याच स्थिर राहण्याची. आपण एका गंधाशी निष्ठा ठेवली तरी तो गंध आपल्याशी ठेवेलच असं नाही. परदेशी परफ्यूममध्ये ओकच्या झाडांवर वाढणाऱ्या शेवाळासारख्या दगडफुलाचा अर्क मोठ्या प्रमाणात वापरला जाई. त्यातल्या दोन घटकांनी काहींच्या त्वचेवर ॲलर्जी येते म्हणून युरोपात त्यांच्यावर बंदी आली आणि जुन्या, नावाजलेल्या परफ्यूमची घडण बदलावी लागली. लिली ऑफ द व्हॅली या फुलाचा भास देणारा लिलिअल हा पदार्थ असंख्य बाटल्यांत होता. 1 मार्च 2022 पासून युरोपीय संघात तोही बंद झाला. बाटली तीच, नाव तेच, आतला गंध मात्र थोडा निराळा. आपल्याकडे याहून मोठी गोष्ट घडली ती चंदनाची, आणि ती समजून घ्यायची तर अत्तर कसं बनतं ते आधी पाहायला हवं.

कनौजमध्ये आजही तांब्याच्या देगेत फुलं आणि पाणी घालून खाली गोवऱ्या-लाकडांचा जाळ करतात. देगेचं झाकण माती आणि कापसाने लिंपून बंद केलेलं असतं. त्यातून निघालेली बांबूची नळी, जिला तिथे चोंगा म्हणतात, थंड पाण्याच्या हौदात बसवलेल्या भपक्यात उतरते. भपका म्हणजे लांब मानेचं तांब्याचं भांडं. ते रिकामं नसतं, त्यात आधीच चंदनाचं तेल असतं. फुलांचा गंध घेऊन वाफ येते, थंड होते आणि गंध त्या तेलात मुरतो. रात्रभर भांडं निवू देतात, सकाळी तळाशी साचलेलं पाणी काढून पुन्हा देगेत घालतात आणि त्याच तेलावर नव्या फुलांची दुसरी खेप चढवतात. गुलाबासाठी हे असं दहा-पंधरा दिवस चालतं. देगेतली फुलं रोज बदलतात, भपक्यातलं तेल तेच राहतं.

या पुस्तकाचा सगळा युक्तिवाद त्या भपक्यात आहे. जुन्या पद्धतीचं गुलाबाचं अत्तर, मोगऱ्याचं अत्तर, केवड्याचं अत्तर, मातीचं अत्तर ही नावं वेगळी असली तरी सगळ्यांच्या तळाशी चंदन आहे. चंदनतेलातले मुख्य घटक जड असतात आणि त्वचेवरून अगदी सावकाश उडतात. फुलांचे हलके गंधही त्यामुळे अंगावर जास्त वेळ टिकतात. वैशाखात वाळा आणि पौषात शमामा लावणाऱ्या माणसाच्या मनगटावर संध्याकाळी जे उरतं त्यात दोन्ही वेळा चंदन असतं. घरच्यांना, मुलांना, शेजारी बसणाऱ्याला त्या माणसाची म्हणून जी ओळख पटते ती याच उरलेल्या गंधातून. वरचा ऋतू बदलतो आणि खालचा माणूस तोच राहतो. एकच गंध की अनेक, हा प्रश्न आपल्या अत्तरपरंपरेपुढे अशा रूपात कधी उभाच राहिला नाही, कारण तिच्यात दोन्ही एकाच कुपीत होते.

ऋतूनुसार गंध बदलावा ही कल्पना जुनी आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयातल्या ऋतुचर्येत थंडीसाठी केशर-कस्तुरीचा लेप आणि अगरूची धुरी सांगितली आहे, उन्हाळ्यासाठी चंदन. गंध बनवण्याचं शास्त्र वेगळं होतं आणि त्याला गंधयुक्ती म्हणत. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत त्यावर स्वतंत्र अध्याय आहे. आपल्यासाठी त्याहून जवळचा धागा पुण्यात आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या हस्तलिखितांत परशुराम कृष्ण गोडे यांना गंगाधराचा गंधसार हा ग्रंथ सापडला आणि त्याच्या जोडीला गंधवाद नावाचा दुसरा ग्रंथ, ज्यावर मराठी टीका आहे. म्हणजे कुणीतरी मराठी माणूस सुगंध बनवण्याच्या कृती मराठीत समजावून सांगत होता. ही दोन्ही पुस्तकं 1989 मध्ये बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने छापली. गंधसारात भावना देणं, शिजवणं, बोध, वेध, धूपन आणि वासन अशा सहा क्रिया आहेत. आधी द्रव्यं भिजवून-शिजवून तयार करायची, मग तीक्ष्ण गंधाने ती जागवायची आणि शेवटी धुराने वा फुलांनी वासवायची, असा तो विचार आहे. आधी पाया, मग त्यावर दुसरा गंध, हे भान इथेही आहे.

आता ऋतूचं नेमकं काय होतं ते पाहू. गंधाचे कण किती वेगाने उडतात हे तापमानावर ठरतं. दहा अंश सेल्सिअस वाढले की बहुतेक गंधद्रव्यांचं उडणं ढोबळमानाने दुप्पट होतं. पुण्यात डिसेंबरच्या पहाटे बारा अंश आणि एप्रिलच्या दुपारी अडतीस अंश असतात. शर्टाच्या कॉलरवर लावलेला तोच थेंब एप्रिलमध्ये पाच-सहापट जोराने उडेल. त्वचेचं तापमान कपड्याइतकं खालीवर होत नाही, म्हणून अंगावर फरक कमी पडतो, पण तिथे घाम येऊन मिसळतो. शमामासारखा जड, मसालेदार गंध एप्रिलमध्ये लावला तर तो पहिल्या अर्ध्या तासात असा उसळतो की डोकं चढतं. उलट वाळा किंवा लिंबूवर्गीय गंध डिसेंबरच्या पहाटे जवळजवळ मुका राहतो आणि आपण उगाच जास्त ओततो. पावसाळ्याची गोष्ट आणखी निराळी. हवा दमट, कपडे आंबट-ओले, बस आणि लोकलच्या खिडक्या बंद. अशा हवेत गोड फुलांचे गंध जड होऊन लटकून राहतात. केवड्याचा एक जादा थेंब अख्ख्या डब्याला पुरतो.

म्हणून पुण्या-मुंबईत राहणाऱ्या एका वाचकाचं वर्ष डोळ्यांसमोर ठेवून मी संग्रह मांडून पाहते. पाया चंदनाचा. गुढीपाडव्यापासून ज्येष्ठापर्यंत वाळा. माठात वाळ्याची जुडी टाकणाऱ्या घरांना हा वास नव्याने शिकावा लागत नाही. तांब्याच्या देगेत काढलेला अस्सल वाळ्याचा अर्क हिरवट दिसतो, तो तांब्यामुळे. आषाढ-श्रावणात नुसतं चंदन, एक थेंब, त्यावर काही नको. पावसाळ्यात बहुतेकजण ओलावा झाकायला जास्त सुगंध लावतात आणि तिथेच चुकतात. ओलसर कपड्याचा वास अत्तराखाली दबत नाही, त्यात मिसळतो. कपडे कोरडे करणं हाच त्यावर इलाज. आश्विनातल्या उन्हात गुलाब, आणि दिवाळीनंतर शमामा.

शमाम्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण मराठी नाकाला तो अनोळखी वाटतो आणि प्रत्यक्षात तो ओळखीचा असतो. तो एका फुलाचा नसतो. दगडफूल, नागरमोथा, जटामांसी, कपूरकाचरी, जायपत्री, लवंग, वेलदोडा अशी कितीतरी द्रव्यं टप्प्याटप्प्याने देगेत घालून तो काढतात आणि प्रत्येक घराण्याचं मिश्रण निराळं असतं. यातलं दगडफूल आपल्या गोड्या मसाल्यात असतं. नागरमोथा आणि कपूरकाचरी दिवाळीच्या उटण्यात असतात. पहिल्यांदा शमामा हुंगणाऱ्याने अत्तर म्हणून बिचकू नये. नरकचतुर्दशीची पहाट आठवावी आणि मग पुन्हा हुंगावं. सुरुवातीचा तिखट भाग वीस मिनिटांत खाली बसतो आणि मग जे उरतं ते संध्याकाळपर्यंत ऊब देतं.

राहिला मनाचा कल. इथे बाजार बरंच काही विकतो. शांतीचा गंध, उत्साहाचा गंध अशा चिठ्ठ्या बाटल्यांवर लावलेल्या असतात. काही वास अनेकांना सौम्य वाटतात हे खरं, पण गंधाला मनाचा रंग मुख्यतः सवयीने चढतो. जो वास ज्या प्रसंगी पुन्हा पुन्हा येतो तो पुढे त्या प्रसंगाची मनःस्थिती घेऊन येतो. आपल्याकडे हे सर्वांना ठाऊक आहे. लग्नात अत्तरदाणीतून मनगटावर हिना लावला जायचा आणि गुलाबदाणीतून गुलाबपाणी शिंपडलं जायचं, म्हणून पुष्कळांना हिन्याचा वास आला की मांडव आठवतो. हिना मुळात आनंदी आहे असं नाही, तो फक्त आनंदाच्या दिवशी भेटत आला. यावरून संग्रहाचा एक कडक नियम निघतो. मनासाठी ठेवलेला गंध दुसऱ्या कशालाही वापरायचा नाही. मातीचं अत्तर निवांत संध्याकाळसाठी राखलं असेल तर ते घाईच्या सकाळी, दुसरी कुपी संपली म्हणूनसुद्धा, लावू नये. दोन-चार वेळा असं केलं की त्याची खूण पुसट होते. म्हणूनच असे राखीव गंध एक किंवा दोनच असू शकतात. सहा मनःस्थितींसाठी सहा कुप्या ठेवणाऱ्याच्या एकाही कुपीला अर्थ चढत नाही.

अशा राखीव गंधासाठी मातीचं अत्तर मला सर्वांत योग्य वाटतं. तलावाकाठच्या मातीची भाजलेली भांडी-खापरं देगेत घालून चंदनावर हा गंध उतरवतात. ऑस्ट्रेलियातल्या इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या शास्त्रज्ञांनी 1964 मध्ये पहिल्या पावसाच्या वासाला पेट्रिकोर हे नाव दिलं, तेव्हा भारतात हा वास आधीपासूनच तेलात पकडून विकला जातो याची नोंद त्यांनी त्याच लेखात केली होती.

संग्रह किती मोठा असावा, याचं उत्तर हिशेबातून मिळतं. परफ्यूमची फवारणी सुमारे दशांश मिलिलिटरची असते, म्हणजे पन्नास मिलिलिटरच्या बाटलीत पाचशे फवारे. रोज तीन मारले तर बाटली साडेपाच महिने चालते. अशा चार बाटल्या ऋतूनुसार वापरल्या तर मिळून जवळपास दोन वर्षं पुरतील, हे ठीक. बारा बाटल्या घेतल्या तर साडेपाच वर्षं लागतील. एवढ्या काळात आपल्या उन्हाळ्यात, भिंतीतल्या तापलेल्या कपाटात, लिंबू-संत्र्याचे हलके गंध बिघडतात. बाटली उघडताच पहिला वास जुन्या तेलासारखा किंवा नेलपॉलिशसारखा आला आणि द्रव गडद झालेला दिसला तर ती गेली असं समजावं. चंदनावरची अत्तरं मात्र अंधारात, घट्ट बुचाखाली वर्षानुवर्षं टिकतात आणि पुष्कळदा मुरून अधिक गोल होतात. म्हणून माझा आग्रह अत्तराचा आणि पाव तोळ्याचा आहे. रोज एक थेंब लावला तर पाच लहान कुप्यांत वर्ष बसतं. एखादी जास्त लागली तर दुकानात पुन्हा भरून मिळते.

आता चंदनाच्या त्या गोष्टीकडे. दक्षिणेतली चंदनाची झाडं बेसुमार तोडीने कमी झाली, तेलाचा भाव किलोला लाखाच्या वर गेला आणि कनौजच्या अनेक कारखान्यांनी भपक्यात चंदनाऐवजी वासहीन लिक्विड पॅराफिन किंवा तसली स्वस्त तेलं वापरायला सुरुवात केली. गिऱ्हाइकाला कुपीवर तेच नाव दिसतं. पण मी वर मांडलेला युक्तिवाद अशा कुपीला लागू पडत नाही, कारण तिच्यात ऋतू बदलला तरी खाली राहणारं काही उरलेलंच नसतं. फूल उडून गेलं की मनगटावर फक्त तेलकटपणा राहतो. ओळखायची रीत सोपी असली तरी सबुरी हवी. जाड पांढऱ्या कागदावर एक थेंब टाकावा, कागद उघड्यावर ठेवावा आणि रोज हुंगावा. चंदनाचा पाया असेल तर फूल गेल्यावरही कित्येक दिवस मऊ, दुधाळ, लाकडी वास येत राहतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच वास पूर्ण गेला आणि डाग मात्र तसाच पारदर्शक, तेलकट राहिला तर खाली वासहीन तेल आहे. ही परीक्षा शंभर टक्के पक्की नाही, कारण कृत्रिम चंदनगंध घालूनही पाया बनवतात आणि तोही टिकतो. मग भावावरून अंदाज घ्यावा. चंदनतेलाच्या भावापेक्षा स्वस्त मिळणाऱ्या अत्तरात चंदनतेलाचा पाया असू शकत नाही. कृत्रिम पाया वाईटच असं मी म्हणत नाही. पाचही कुप्यांत तोच एक पाया असेल तर आपलं काम होतं. विकणाऱ्याने तो कृत्रिम आहे हे सांगितलं पाहिजे, एवढीच अपेक्षा.

लावण्याबद्दल पुढे स्वतंत्र प्रकरण आहे. इथे गरजेपुरतं सांगते. नवं अत्तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला एक थेंब लावून एक दिवस थांबावं. खाज, लाली आली तर ते आपलं नव्हे. पांढऱ्या कपड्यावर लावू नये, शमाम्याचा तपकिरी डाग निघत नाही. कानाच्या पाळीच्या वरच्या घडीत कापसाचा फाया ठेवण्याची जुनी पद्धत आजही उत्तम आहे, कारण नको झाल्यावर फाया काढून टाकता येतो. दमा किंवा अर्धशिशी असलेल्या माणसाशेजारी रोज बसायचं असेल तर कुठलाच गंध नको.

ज्याला आजपासून संग्रह सुरू करायचा आहे त्याने पाचही कुप्या एकदम आणू नयेत. पहिल्यांदा फक्त चंदन आणावं आणि महिनाभर रोज एक थेंब, दुसरं काहीही न मिसळता लावावं. या महिन्यात चंदनाचा तळ ओळखीचा होईल आणि घरचीही त्याला सरावतील. मग जो ऋतू चालू असेल त्याची एकच कुपी घ्यावी. दुकानात कांडीने मनगटावर लावून घेऊन लगेच पैसे देऊ नयेत, दोन तास बाहेर फिरून यावं आणि तेव्हा मनगटावर काय उरलं आहे ते हुंगून ठरवावं. त्या उरलेल्या गंधात महिनाभर लावलेलं चंदन सापडलं तरच ती कुपी घरी न्यावी.